द्वित्त की नुसती जोडी? पॅलेस्टिनी अरबीच्या आधारे दीर्घ व्यंजन ओळखण्याच्या पायऱ्या

अरबी भाषेत ‘हमाम’ म्हणजे कबुतरे आणि ‘हम्माम’ म्हणजे स्नानगृह. मराठीत दुसरा शब्द आला तेव्हा वाटेत एक म गळाला, त्यामुळे आपला हमामखाना अरबाच्या कानाला कबुतरखान्यासारखा लागण्याची शक्यता आहे. अरबीत मात्र ही तडजोड चालत नाही. तेथे व्यंजनाची लांबी बदलली की शब्दच बदलतो. ज्या भाषेत असा भेद आहे तिच्या अभ्यासाला हात घालताना नवोदितापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की ‘हम्माम’मधला म्म हा एकच लांब म, म्हणजे द्वित्त, आहे, की एकामागोमाग आलेले दोन म आहेत? कानाला दोन्ही सारखेच लागतात, आणि लिपी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. देवनागरी दोन म जोडून लिहिते. अरबी लिपी एकच म लिहून त्यावर शद्दा नावाचे चिन्ह देते. लिपी पाहून निष्कर्ष काढायचा तर देवनागरीवाला दोन म म्हणेल आणि अरबीवाला एक म्हणेल, म्हणून लिपी आधी बाजूला ठेवावी.

या लेखात उदाहरणासाठी पॅलेस्टाइनमधील बोलभाषेची अरबी घेतली आहे, कारण या प्रश्नाचा निकाल लावणाऱ्या चाचण्या तिच्यात फार स्वच्छ दिसतात. लिहिण्याबाबत दोन सूचना आवश्यक आहेत. अरबीतले घशातले ह, अ आणि क देवनागरीत नेमके उतरत नाहीत. येथे ते जवळच्या अक्षरांनी लिहिले आहेत. शब्दान्ती स्वर नसेल तेथे पाय मोडून दाखवला आहे. तसेच ‘अक्षर’ हा शब्द येथे उच्चारातल्या एका टप्प्यासाठी वापरला आहे, लिपीतल्या चिन्हासाठी नव्हे. ‘मुदर्रिस्’ या शब्दात मु-दर्-रिस् अशी तीन अक्षरे आहेत.

पहिली पायरी: लांबीचा भेद खरोखर आहे याची खात्री करणे

केवळ लांबीने वेगळे होणारे शब्द शोधावेत आणि ते शक्यतो दोन स्वरांच्या मध्ये शोधावेत. ‘कसर्’ म्हणजे त्याने मोडले आणि ‘कस्सर्’ म्हणजे त्याने तुकडे तुकडे केले. ‘दरस्’ म्हणजे तो शिकला आणि ‘दर्रस्’ म्हणजे त्याने शिकवले. मोजमापासाठी यांपैकी पहिली जोडी निवडावी. दुसरी मोहात पाडते, पण एकटा र म्हणजे जिभेची एक टपली असते आणि लांब र म्हणजे जिभेची थरथर असते, त्यामुळे तेथे लांबीबरोबर उच्चाराची तऱ्हाही बदलते आणि आपण नेमके काय मोजले हे सांगता येत नाही. स मध्ये ही अडचण नाही. ध्वनिचित्रात स चा खरखरीत पट्टा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे नवख्यालाही दिसते.

दोन्ही शब्द बोलणाऱ्याच्याच भाषेतील एका ठरावीक वाक्यात घालून, क्रम उलटसुलट करत, प्रत्येकी पाच-सहा वेळा बोलून घ्यावेत. यादी सलग वाचायला दिली की माणूस शेवटचा शब्द लांबवतो आणि सगळे आकडे बिघडतात. ध्वनिमुद्रण Praat या ध्वनिविश्लेषणाच्या संगणकीय प्रणालीत उघडावे, यादीतून ते निवडून View & Edit दाबावे, स चा पट्टा निवडावा आणि निवडलेल्या भागाचा काळ टिपून घ्यावा. समजा ‘कसर्’मधला स सरासरी 95 मिलिसेकंद भरला आणि ‘कस्सर्’मधला 190, तर गुणोत्तर 2 येते. जगातल्या भाषांत लांब व्यंजन साध्याच्या साधारण दीडपट ते तिप्पट असते, त्यामुळे हा आकडा पटण्यासारखा आहे. गुणोत्तर 1.2 च्या आसपास घुटमळत असेल तर आपण ज्याला लांबी समजतो तो बहुधा बोलण्याच्या वेगाचा किंवा आघाताचा परिणाम आहे. त, क अशा स्पर्शवर्णांचे मोजमाप वाक्याच्या आरंभी करण्याचा प्रयत्न करू नये. त्यांची लांबी म्हणजे तोंड बंद असतानाची शांतता, आणि वाक्यापूर्वीची शांतता व व्यंजनाची शांतता यांच्यामधली सीमारेषा चित्रात दिसत नाही.

या पायरीने एवढेच सिद्ध होते की भेद आहे. लांब ऐकू येणारा आवाज एकसंध आहे की दोन तुकड्यांचा, याचे उत्तर मिलिसेकंदांत नसते. मराठीतच पाहा: चालत्या बोलण्यात ‘म्हणणे’ या शब्दात लांब ण ऐकू येतो आणि ‘अण्णा’ या शब्दातही येतो. पण ‘म्हणणे’मधला पहिला ण धातूचा आहे आणि दुसरा प्रत्ययाचा. वृत्तात बसवताना ‘म्हणणे’ म्हणजे लघु, लघु, गुरू अशी तीन अक्षरे होतात, तर ‘अण्णा’ म्हणजे गुरू, गुरू अशी दोनच. कानाला जे एकसारखे आहे ते छंदाला एकसारखे नाही.

दुसरी पायरी: मात्रा मोजणे

मात्रेची कल्पना मराठी वाचकाला नव्याने शिकवावी लागत नाही. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घ स्वराच्या दोन, आणि अक्षर व्यंजनाने बंद झाले तर त्या व्यंजनाची आणखी एक. म्हणजे ‘क’ लघु, ‘का’ गुरू आणि ‘कर्’ही गुरू. वजनाचा हा हिशेब केवळ कवींच्या सोयीचा नाही. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले आणि मराठीत ‘सात’. ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’. ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’. पहिल्या टप्प्यात दोन वेगळ्या व्यंजनांची जोडी आहे, दुसऱ्यात द्वित्त आहे आणि तिसऱ्यात द्वित्त गळून आधीचा स्वर लांबला आहे. आवाज बदलत गेले, पण पहिल्या अक्षराची दुसरी मात्रा कोणीतरी सांभाळलीच. आधी प् ने, मग त् ने, मग आ च्या लांबीने. पंजाबी अजून मधल्याच टप्प्यावर आहे. तेथे सातला ‘सत्त’च म्हणतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. जोडाक्षर दिसले की आधीचे अक्षर गुरू, हा शाळेतला नियम डोळे मिटून लावू नये. ‘तुझ्या’मधला तु लघुच राहतो, कारण झ्या हा सगळा पुढच्या अक्षराच्या आरंभी जातो आणि तु ला बंद करायला काही उरत नाही. अक्षर कोठे तुटते ते ऐकूनच ठरवावे.

आता अरबीकडे वळू. पॅलेस्टिनी अरबीत आघात वजन पाहून पडतो आणि त्यामुळे आघात ऐकला की वजन कळते. नियम साध्या शब्दांसाठी असा आहे: शेवटचे अक्षर अतिभारी असेल, म्हणजे त्यात दीर्घ स्वर व त्यापुढे व्यंजन किंवा ऱ्हस्व स्वर व त्यापुढे दोन व्यंजने असतील, तर आघात त्याच्यावर पडतो, नसेल आणि उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर गुरू असेल तर उपान्त्यावर, तेही नसेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर, आणि शब्द दोनच अक्षरांचा असेल तर पहिल्यावर. शब्दान्तीचे एकटे व्यंजन हिशेबात धरत नाहीत.

तीन शब्द घेऊन पाहू. ‘शजरा’, म्हणजे झाड, हे श-ज-रा असे, श वर आघात देऊन, उच्चारले जाते. उपान्त्य ज लघु असल्यामुळे आघात मागे सरकला आहे. ‘मुहन्दिस्’, म्हणजे अभियंता, हे मु-हन्-दिस् असे होते आणि आघात हन् वर पडतो. न् ने हन् ला बंद करून त्याला दुसरी मात्रा दिली. ‘मुदर्रिस्’, म्हणजे शिक्षक, हे मु-दर्-रिस् असे होते आणि आघात दर् वर पडतो. म्हणजे र्र या द्वित्ताने दर् ला तेवढेच वजन दिले जेवढे न्द या जोडीने हन् ला दिले.

शब्दाच्या अखेरीस हे अधिक ठसठशीत दिसते. ‘अक्बर्’ म्हणजे अधिक मोठा. मराठी वाचकाला हा शब्द बादशहाच्या नावातून ओळखीचा आहे. याच साच्यातला ‘अहम्म्’ म्हणजे अधिक महत्त्वाचा. दोन्ही तुलनादर्शक, दोन्ही दोन अक्षरांचे. पण पहिला अक्-बर् असा अक् वर आघात देऊन आणि दुसरा अ-हम्म् असा हम्म् वर आघात देऊन उच्चारला जातो. बर् चा शेवटचा र् एकटा असल्याने हिशेबात येत नाही. हम्म् चा म् लांब असल्याने त्याची मात्रा पुसली जात नाही, अक्षर अतिभारी ठरते आणि आघात खेचून घेते.

या आकडेमोडीमागचा विचार भाषाशास्त्रज्ञ ब्रूस हेझ यांनी 1989 मध्ये मात्रांच्या भाषेत नीट मांडला. साध्या व्यंजनाकडे स्वतःची मात्रा नसते. ते अक्षराच्या शेवटी येऊन बसले तर भाषेच्या रिवाजाप्रमाणे त्याला ती जागेमुळे मिळते. ‘मुहन्दिस्’मधल्या न् ची मात्रा अशी जागेची आहे. लांब व्यंजन मात्र आपली मात्रा जन्मतः घेऊन येते. ते एकच व्यंजन मागच्या अक्षराच्या मात्रेलाही जोडलेले असते आणि पुढच्या अक्षराचा आरंभही करते. एक तुळई दोन भिंतींवर टेकलेली असावी तसे हे आहे: आधार दोन, पण लाकूड एक.

परंतु नवोदिताची नेमकी येथेच फसगत होते. ‘मुदर्रिस्’ आणि ‘मुहन्दिस्’ यांचा आघात सारखा पडला म्हणजे वजन सारखे आहे एवढेच कळले. वजन सारखे असल्यामुळेच ही चाचणी द्वित्ताला जोडीपासून वेगळे करू शकत नाही. तराजू सांगतो की पारड्यात किलोभर माल आहे. तो एक नग आहे की दोन, हे पाहायला पारड्यात डोकवावे लागते.

तिसरी पायरी: फोडून पाहणे

पॅलेस्टिनी अरबीला शब्दान्ती दोन व्यंजने लागोपाठ आलेली फारशी रुचत नाहीत. ती मध्ये इ घालून त्यांना मोकळे करते. ‘अक्ल्’, म्हणजे अन्न, याचे ‘अकिल्’ होते. ‘इब्न्’, म्हणजे मुलगा, याचे ‘इबिन्’. ‘फिह्म्’, म्हणजे समज, याचे ‘फिहिम्’. आता ‘इम्म्’ घ्या, म्हणजे आई. हा शब्द दोन म् ची जोडी असता तर ‘इमिम्’ व्हायला हवा होता. तो होत नाही. ‘इम्म्’ तसाच राहतो. ‘सित्त्’, म्हणजे बाईसाहेब किंवा आजी, याचेही ‘सितित्’ होत नाही. तुळई एकच असेल तर तिच्या मधोमध खिडकी बसवता येत नाही. स्वराला शिरायला फटच सापडत नाही. या गुणाला द्वित्ताची अखंडता म्हणता येईल.

इ खरोखर बाहेरून आलेला आहे, मूळचाच नाही, याची खात्री आधी करून घ्यावी, कारण या बोलीत उलटी प्रक्रियाही चालते आणि मूळचे इ गळतातही. खात्री करण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली अशी की स्वरारंभी प्रत्यय लावला की घुसलेला इ नाहीसा होतो: ‘अकिल्’, पण माझे अन्न म्हणजे ‘अक्ली’. ही खूण एकटी अपुरी आहे, कारण मूळचा इ गळला असता तरी असेच दिसले असते. दुसरी खूण निर्णायक आहे: उसन्या इ ला आघात जुमानत नाही. आमचे अन्न म्हणजे ‘अकिल्ना’, आणि त्याचा उच्चार अ-किल्-ना असा, अ वर आघात देऊन, होतो. किल् हे उपान्त्य गुरू अक्षर आहे आणि नियमाप्रमाणे आघात त्याच्यावर हवा होता. तो पडत नाही याचा अर्थ आघात ठरला तेव्हा तेथे इ नव्हता. आमची आई मात्र ‘इम्म्ना’. भरभर बोलताना येथे म्म थोडा आखडतो, पण फुटत नाही.

वजन आणि अखंडता यांची गाठ एकाच ठिकाणी पाहायची असेल तर ‘मी लिहिले’ या रूपाकडे पाहावे. ‘त्याने लिहिले’ म्हणजे क-तब्. त्याला मी-चा प्रत्यय त् लागून ‘कतब्त्’ होते, शेवटचे अक्षर अतिभारी होते, आघात त्यावर येतो आणि मग ब्त् ही जोडी फुटून क-त-बित् असे रूप ऐकू येते. आघात त वर आहे, जरी वरवर पाहता त लघु दिसतो. याच्या शेजारी मु-हिम्म्, म्हणजे महत्त्वाचे, हा शब्द ठेवा. आघात दोन्हींत एकाच कारणाने शेवटाकडे आला: ब्त् आणि म्म् यांनी सारखेच वजन टाकले. पण आघात पडून गेल्यावर एक फुटले आणि दुसरे फुटले नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे, आणि तो दोन साध्या, रोजच्या शब्दांत मिळतो.

मराठीनेही अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांवर हीच चाचणी नकळत करून ठेवली आहे. अरबी ‘नक्ल्’, ‘शक्ल्’ आणि बुद्धी या अर्थाचा ‘अक्ल्’ (अन्नाचा नव्हे, त्याचा आरंभ आणि क दोन्ही वेगळे आहेत) हे मराठीत फुटले आणि नक्कल, शक्कल, अक्कल झाले. ‘हुक्म्’चे हुकूम झाले, ‘वज्न्’चे वजन. परंतु ज्यांच्या शेवटी अरबीत द्वित्त होते ते हक्क, हद्द, रद्द आणि जिद्द मात्र सलामत राहिले. ‘हकक’ किंवा ‘हदद’ कोणी केले नाही. नक्कल आणि शक्कलमध्ये आणखी एक गंमत आहे: जोडी फोडल्यावर पहिले अक्षर हलके झाले असते, तर मराठीने क दुप्पट करून त्याचे वजन राखले. वजनमध्ये तेवढी काळजी घेतलेली नाही, त्यामुळे याला नियम म्हणू नये.

आणि येथेच या पायरीची मर्यादाही दिसते. अरबीतून आलेले ‘शर्त’, ‘अर्ज’ आणि ‘जप्त’ यांच्यातल्या जोड्या मराठीत फुटल्या नाहीत, पण त्या द्वित्त नाहीत हे उघड आहे. म्हणजे एखादा व्यंजनसमूह फुटत नाही एवढ्यावरून तो द्वित्त ठरत नाही. इतर कारणांनी फुटणार नाही अशा जागी फोडण्याची चाचणी केली तर तिला काही अर्थ नाही. पॅलेस्टिनी अरबीतही काही जोड्या कधी फुटतात, कधी तशाच राहतात. म्हणून शंका घेणारा विचारू शकतो: म्म्, त्त् अशी एकसारखी व्यंजने शेजारी आली तर त्यांच्यामध्ये स्वर घालण्याची या बोलीची प्रथाच नसेल कशावरून?

चौथी पायरी: तीच व्यंजने, पण मध्ये शिवण

या शंकेचे उत्तर देण्यासाठी दोन सारखी व्यंजने शेजारी हवीत, पण ती निःसंशय दोन असायला हवीत. अशी जागा शब्दाच्या शिवणीवर सापडते, जेथे पहिले व्यंजन धातूचे आणि दुसरे प्रत्ययाचे असते. ‘फात्’ म्हणजे तो आत गेला. ‘मी आत गेलो’ या रूपात धातू ‘फुत्’ होतो आणि त्याला ‘कतबित्’मध्ये पाहिलेला तोच प्रत्यय त् लागतो. आता फुत् + त् यातून काय होते? ज्या पॅलेस्टिनी बोलीचे वर्णन भाषाशास्त्रात नेहमी दिले जाते तिच्यात ‘फुतित्’ होते.

‘सित्त्’ शेजारी ठेवा. दोन्हींत शब्दान्ती, ऱ्हस्व स्वरापुढे, त आणि त. फरक एवढाच की ‘सित्त्’मध्ये ते एका मुळातले आहेत आणि ‘फुत्त्’मध्ये दोन घरांतून आलेले. पहिले फुटत नाही, दुसरे फुटते. त्यामुळे ‘सारख्या व्यंजनांमध्ये स्वर घालत नाहीत’ हा पर्याय बाद होतो आणि ‘सित्त्’मध्ये मुळात दोन त् नाहीतच, हा निष्कर्ष उरतो. शिवणीवरच्या जोडीला खोटे द्वित्त म्हणतात. मराठीतला ‘म्हणणे’ त्याच जातीचा. क्षेत्रात काम करताना हे लक्षात ठेवावे की त्या प्रदेशातल्या इतर काही बोलींत ‘फुत्त्’ असेही ऐकू येते; तेथे शिवण पक्की होऊन खोटे द्वित्त खरे बनले असण्याची शक्यता आहे. म्हणून ज्या माणसाकडून ‘सित्त्’ घेतले त्याच माणसाकडून ‘फुतित्’ही घ्यावे. एका गावचा एक शब्द आणि दुसऱ्या गावचा दुसरा अशी जोडणी केली तर चाचणी निरर्थक होते.

शिवण दिसली की द्वित्त खोटेच, असेही मानू नये. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ झाले तेव्हा त् ने आपला आवाज सोडून न चा घेतला आणि दोन्ही जागांवर एकच न पसरला. अरबी ‘इल्’ हे उपपद ‘शम्स्’ला, म्हणजे सूर्याला, लागले की ‘इश्शम्स्’ होते तेही असेच. एका आवाजाने दुसऱ्याला गिळले की जे उरते ते खऱ्या द्वित्तासारखे वागते. दोन सारखे आवाज योगायोगाने शेजारी आले तर तसे होईलच असे नाही.

पाचवी पायरी: एका शब्दाची पूर्ण तपासणी आणि त्यातला सापळा

आता ‘हक्क्’ हा शब्द घेऊन सर्व चाचण्या लावू. (या बोलीत शहरी लोक येथला क घशात उच्चारतात, पण हिशेब बदलत नाही.) स्वरारंभी प्रत्यय लावला की ‘हक्की’, माझा हक्क, येथे क्क दोन स्वरांच्या मध्ये आला, त्यामुळे लांबी मोजता येते. शब्दान्ती ‘हक्क्’ राहतो, ‘हकिक्’ होत नाही. ‘अकिल्’ त्याच बोलणाऱ्याकडून मिळाले असेल तर हा पुरावा ग्राह्य धरावा. शब्दाच्या आत कोठेही शिवण नाही. निकाल: खरे द्वित्त.

आणि मग कोणीतरी अनेकवचन विचारतो, आणि उत्तर येते ‘हुकूक्’. दोन क् मध्ये चक्क दीर्घ ऊ बसला आहे! ‘हब्ब्’, त्याने प्रेम केले, यापासून ‘महबूब्’ होते; तेथेही दोन ब् सुटे झाले आहेत. नवोदित येथे हमखास गडबडतो आणि आधीचा निकाल फिरवतो. तो फिरवू नये. ‘हुकूक्’ हा ‘हक्क्’मध्ये ऊ घुसवून बनलेला नाही. अरबीत मुळातली व्यंजने वेगवेगळ्या साच्यांत नव्याने ओतून शब्द बनतात, आणि भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांच्या 1979 च्या प्रबंधापासून याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की येथे मूळ ह आणि क एवढेच आहे. साच्यात तीन जागा असल्या की क दोन जागांवर पसरतो. त्या दोन जागा लागून असल्या तर लांब क्क ऐकू येतो, मध्ये स्वराची जागा असली तर दोन क ऐकू येतात. अखंडतेची चाचणी उच्चाराच्या सोयीसाठी होणाऱ्या स्वरागमावर घ्यायची असते, शब्दनिर्मितीवर नव्हे. तयार भांड्याला भोक पाडता येत नाही. पण तीच माती दुसऱ्या साच्यात घातली तर ते भांडेच वेगळे होते.

वजनाबाबतही एक मर्यादा नोंदवायला हवी. द्वित्त जन्मतः मात्रा घेऊन येते हे खरे असेल तर जेथे साधे शेवटचे व्यंजन वजन देत नाही तेथेही द्वित्ताने ते द्यायला हवे. मलयाळममध्ये तसे दिसत नाही. तेथे आघात सहसा पहिल्या अक्षरावर असतो, आणि पहिल्यात ऱ्हस्व व दुसऱ्यात दीर्घ स्वर असेल तर दुसऱ्यावर जातो. ‘पट्टाळम्’, म्हणजे सैन्य, या शब्दात पहिले अक्षर ट्ट ने बंद असूनही आघात ‘ट्टा’कडे जातो, द्वित्ताच्या वजनाकडे आघात लक्षच देत नाही. म्हणून एखाद्या भाषेत द्वित्त आघाताला हलके वाटले तर ते द्वित्त नाही असे लिहू नये. वजनाची चाचणी अनुकूल आली तर उपयोगी पडते. प्रतिकूल आली तर ती बहुधा त्या भाषेच्या आघाताबद्दल काही सांगत असते, व्यंजनाबद्दल नव्हे.

वहीत प्रत्येक शब्दापुढे लांबीचे गुणोत्तर, आघाताचे अक्षर, स्वरागमाच्या जागी झालेले रूप आणि शिवण आहे की नाही, एवढ्या चार गोष्टी एकाच बोलणाऱ्याच्या तोंडून घेऊन लिहाव्यात. त्यांत ‘हब्ब्’ हे क्रियापद जरूर ठेवावे आणि त्याचे ‘मी प्रेम केले’ हे रूप विचारावे. प्रत्यय तोच त् आहे. ‘हब्ब्त्’ उच्चारायला जड, आणि ‘कतबित्’च्या चालीवर ‘हबबित्’ करायचे तर द्वित्त फोडावे लागेल. बोली यांपैकी काहीच करत नाही. ती द्वित्ताच्या आत न शिरता त्याच्या पुढे एक दीर्घ ए उभा करते आणि म्हणते, ‘हब्बेत्’.